क्रिएटिनिन वाढलंय, टॅक्रोलिमस कमी आलंय, मग बायोप्सी कशाला?

प्रश्न: भावाचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन १४ महिने झाले, आईने किडनी दिलीये. क्रिएटिनिन कायम १.२ असायचं, आता लागोपाठ दोन रिपोर्टमध्ये १.६ आणि १.९ आलं. टॅक्रोलिमसची लेव्हल ३.४ आलीये. त्याला काहीही त्रास नाही, लघवी पण व्यवस्थित होतीये. डॉक्टर म्हणतायत बायोप्सी करू. लेव्हल कमी आहे म्हणजे कारण कळलंच ना? गोळी वाढवून बघितलं तर नाही का चालणार? आणि हे अक्यूट रिजेक्शन आहे का क्रॉनिक, ते कसं ओळखतात?

उत्तर:

गोळी वाढवतील हो, पण नुसती गोळी वाढवून वाट बघत बसणं चालणार नाही. टॅक्रोलिमस हे रिजेक्शन होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप आहे. चोर घरात शिरलेला असेल तर कुलूप बदलून तो बाहेर जात नाही. आणि दुसरं म्हणजे चोरच आहे की दुसरंच कोणी आहे हे आपल्याला अजून माहीतच नाहीये, सगळी गोम तिथेच आहे.

आधी क्रिएटिनिनचं बघू. १.२ चं १.९ झालं, दिसायला ०.७ ची वाढ, आणि बऱ्याच घरांत "दोनच्या आत आहे ना मग ठीक आहे" असं म्हणतात. पण हा आकडा किडनीच्या कामाच्या उलट चालतो, काम निम्मं झालं की क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. तुमच्या भावाचा हिशोब करा, १.२ भागिले १.९, म्हणजे अंदाजे ६३ टक्के. एक तृतीयांशाहून जास्त काम काही आठवड्यांत गेलंय. लॅबच्या रिपोर्टवर छापलेली नॉर्मल रेंज तर ट्रान्सप्लांटच्या पेशंटने बघूच नये असं माझं मत आहे. किरकोळ अंगाच्या बाईचं ०.७ वरून १.१ झालं तर रिपोर्टवर काही लाल होत नाही, पण आम्ही मात्र खडबडून जागे होतो. ज्याचं त्याचं स्वतःचं जुनं क्रिएटिनिन हीच त्याची रेंज. ०.१ इकडे तिकडे लॅबमुळे होतं, ते सोडून द्या. पण स्वतःच्या आकड्यापेक्षा २०-२५ टक्के वर गेलं आणि परत तपासल्यावरही तेच आलं तर ते खरं धरायचं.

त्रास नाही याने पण फसू नका. पूर्वीच्या औषधांवर रिजेक्शन आलं की ताप यायचा, किडनीवर दुखायचं, लघवी कमी व्हायची. आताची औषधं ही लक्षणं झाकून टाकतात, त्यामुळे बहुतेक वेळा क्रिएटिनिन हीच एकमेव खूण असते. आणि तीही उशिराची, आत सूज आधी येते, आकडा नंतर हलतो.

आता लेव्हल. ३.४ हा आकडा खरा आहे का हे आधी विचारायचं. टॅक्रोलिमसची तपासणी सकाळची गोळी घ्यायच्या आधी, रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी करतात. रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ ला रक्त द्यायचं आणि मग गोळी घ्यायची. कोणी सकाळी सवयीने गोळी घेऊन आला तर लेव्हल १५-१८ सुद्धा दिसते आणि मग घाबरून डोस कमी केला जातो, हा घोळ मी खूपदा बघितलाय. तुमच्याकडे लेव्हल कमी आलीये, म्हणजे हा घोळ नसावा, पण उलटं पण होतं, रात्रीची गोळी संध्याकाळी ७ लाच घेतली आणि रक्त सकाळी ११ ला दिलं तर १६ तास होतात आणि लेव्हल उगाच कमी दिसते. एकदा विचारून घ्या त्याला.

दुसरी मर्यादा अशी की ही लेव्हल फक्त मागच्या दोन-तीन दिवसांचं सांगते. महिनाभर गोळ्यांचा खाडा झाला आणि तपासणीच्या आधी चार दिवस नीट घेतल्या तर लेव्हल झकास येते. म्हणून मी एका आकड्याकडे बघत नाही, मागच्या सहा-आठ लेव्हल एका ओळीत लिहून काढतो. ७, ६.५, ७.२, ६.८ असं असेल तर बरं. ४, ९, ५, ११, ३ असं असेल तर सरासरी काढली तर चांगलीच दिसते पण अशा पेशंटची किडनी लवकर खराब होते. वर्षभरानंतर बहुतेक जण ५ ते ८ च्या आसपास ठेवतात, प्रत्येक सेंटरचं थोडं वेगळं असतं, पण ३.४ हे बहुतेकांच्या हिशोबाने कमीच आहे.

मग कमी का झाली? इथे एका पेशंटची गोष्ट सांगतो कारण ती तुमच्या भावासारखीच आहे, आणि पुढे अक्यूट-क्रॉनिकचा फरकही त्याच माणसात दिसला.

तिशीतला मुलगा, किडनी घरातलीच, क्रिएटिनिन १.२, टॅक्रोलिमस दीड मिलिग्रॅम दोन वेळा, लेव्हल ७ च्या आसपास एकदम स्थिर. सव्वा वर्षाने रूटीन तपासणीत १.७ आलं, आठवड्याने १.९. लेव्हल ३.२. गोळी चुकवलीस का विचारलं तर शपथेवर नाही म्हणाला, बायको पण म्हणाली एकही नाही चुकली. मग मी सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ओतायला लावली. त्यात डिल्टियाझेम नव्हतं! मधे नाडी मंद चालतीये म्हणून दुसरीकडे कुठेतरी दाखवलं होतं, तिथे ते बंद करून बीपीची दुसरी गोळी दिली. बीपीच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती. पण डिल्टियाझेम लिव्हरमध्ये टॅक्रोलिमस मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, म्हणून ते बरोबर असलं की टॅक्रोलिमस कमी डोसमध्ये भागतं. ते काढल्यावर तीच दीड मिलिग्रॅमची गोळी निम्म्या कामाची राहिली आणि लेव्हल परत बघायची हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. फंगसची फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल बंद केल्यावर असंच होतं. टीबीसाठी रिफाम्पिसिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन सुरू केलं तर याहून वाईट होतं, ती औषधं एन्झाइमचं काम वाढवतात आणि लेव्हल धाडकन पडते. तर भावाची मागच्या दोन-तीन महिन्यांतली एकूण एक गोळी, सुरू झालेली आणि विशेषतः बंद झालेली, कागदावर लिहून न्या. टॅक्रोलिमसच्या गोळीची कंपनी बदलली असेल तर तेही लिहा.

एवढं सगळं कळल्यावर त्या मुलाच्या वडिलांनी अगदी तुमचाच प्रश्न विचारला, की कारण सापडलं ना, मग सुई कशाला टोचायची.

माझं उत्तर असं होतं. लेव्हल का कमी झाली याचं कारण सापडलंय, क्रिएटिनिन का वाढलं याचं नाही. बाहेरून अगदी सारखी दिसणारी तीन-चार दुखणी असतात आणि त्यांचे इलाज एकमेकांच्या उलट आहेत. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबायची. बीके नावाचा एक व्हायरस आहे, बऱ्याच लोकांच्या शरीरात लहानपणापासून तो झोपून असतो, तो किडनीत जागा झाला असेल तर दाब सैल करायचा, औषधं कमी करायची. आणि टॅक्रोलिमसनेच किडनीला त्रास दिला असेल तरी डोस कमी. त्यात बीके आणि रिजेक्शन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पण जुळ्या भावांसारखे दिसतात, दोन्हीत लिम्फोसाइट नावाच्या त्याच पांढऱ्या पेशी किडनीत घुसलेल्या असतात. बीके असताना रिजेक्शन समजून स्टेरॉइडचे मोठे डोस दिले तर व्हायरसला मोकळं रान मिळतं. अशी किडनी मी गमावलेली बघितलीये, म्हणून या बाबतीत मी जरा हट्टी आहे.

बायोप्सीच्या आधी साध्या गोष्टी उरकून घेतात. सोनोग्राफी आणि डॉपलर, म्हणजे लघवीचा मार्ग तुंबलाय का, रक्तवाहिनी अरुंद झालीये का ते कळतं. लघवीची तपासणी आणि कल्चर, लघवीतलं प्रोटीन, शुगर, रक्तातली बीके व्हायरसची पीसीआर, आणि डीएसए, म्हणजे दात्याच्या किडनीविरुद्ध शरीराने अँटीबॉडी बनवल्यात का. उलट्या-जुलाब होऊन गेलेत का हे पण विचारतात, पाणी कमी पडूनही क्रिएटिनिन चढतं. गंमत म्हणजे जुलाबात टॅक्रोलिमसची लेव्हल कमी न होता वाढते, कारण आतड्याच्या अस्तरात जे औषध अडवलं आणि मोडलं जातं ते काम जुलाबात बिघडतं. जुलाबात लेव्हल १४ येऊन क्रिएटिनिन वाढलं तर तिथे मात्र आधी सलाइन देऊन, डोस कमी करून दोन-चार दिवस थांबणं योग्य असतं. तुमच्याकडे तसं चित्र नाहीये.

बायोप्सीची भीती घरच्यांना पेशंटपेक्षा जास्त असते. बसवलेली किडनी पोटाच्या खाली एका बाजूला, कातडीच्या अगदी जवळ असते, त्यामुळे सोनोग्राफीत बघत बघत, जागा बधिर करून बारीक सुईने दोन तुकडे घेतात. मग काही तास पडून राहायचं आणि लघवीचा रंग बघत राहायचा. थोडी लालसर लघवी काहींना होते आणि थांबते, जोराचा रक्तस्राव क्वचित होतो. बीपी चढलेलं नको आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधी थांबवाव्या लागतात, पण त्या स्वतःच्या मनाने थांबवू नका. हार्टचा स्टेंट वगैरे असेल तर तो वेगळा विचार असतो.

रिपोर्ट आल्यावर घरचे फक्त शेवटची ओळ वाचतात. मधली आकड्यांची ओळ पण वाचा, ती बान्फ नावाच्या पद्धतीने लिहिलेली असते. कॅनडातल्या बान्फ गावी १९९१ मध्ये पॅथॉलॉजिस्ट जमले आणि जगभर एकाच भाषेत रिपोर्ट लिहायचे ठरलं, तेव्हापासून ते नाव चिकटलं. त्या मुलाची ओळ अशी होती:

```
i2 t2 v0 g0 ptc0 C4d0 ci1 ct1 cg0
```

प्रत्येक अक्षर म्हणजे किडनीतली एक जागा, आणि आकडा ० ते ३, म्हणजे तिथे किती गडबड आहे. i म्हणजे किडनीतल्या बारीक नळ्यांच्या मधल्या जागेत सूज किती पसरलीये, २ म्हणजे साधारण पाव ते अर्ध्या भागात. t म्हणजे लिम्फोसाइट नळीच्या भिंतीत घुसल्यात का, २ म्हणजे एका नळीच्या छेदात पाच ते दहा पेशी. v म्हणजे धमनीच्या अस्तरात सूज, ती नव्हती आणि ती नसणं ही मोठी चांगली बातमी होती. g आणि ptc म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांमध्ये जमलेल्या पेशी, आणि C4d हा अँटीबॉडीने मागे सोडलेला ठसा, हे तीन अँटीबॉडीच्या हल्ल्याकडे बोट दाखवतात, तिन्ही शून्य. बीकेसाठी एसव्ही४० नावाचा वेगळा रंग देऊन बघतात, तो पण निगेटिव्ह. शेवटचे ci, ct, cg हे व्रण मोजतात, त्यातला १ म्हणजे थोडासा जुना व्रण. तुकड्यात ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या, किती मिळाल्यात ते पण बघा, निदान दहा आणि दोन धमन्या असाव्यात, चारच ग्लोमेरुलस मिळालेल्या तुकड्यावर "रिजेक्शन नाही" लिहिलं असेल तर त्या "नाही"वर फार भरवसा ठेवता येत नाही.

निदान झालं: अक्यूट, पेशींनी केलेलं रिजेक्शन, ग्रेड १ए. मिथाइलप्रेडनिसोलोन ५०० मिलिग्रॅम रोज शिरेतून, तीन दिवस, मग तोंडाने स्टेरॉइड वाढवून हळूहळू कमी. डिल्टियाझेम परत देता येत नव्हतं म्हणून टॅक्रोलिमस अडीच मिलिग्रॅम दोन वेळा केलं, लेव्हल ८ वर आली. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन उलट २.० झालं, घरचे रडकुंडीला आले, मी म्हटलं थांबा. आठवड्याने १.६, महिन्याने १.४. शुगर मात्र तीनशेच्या वर गेली, इन्सुलिन काही दिवस द्यावं लागलं. पाच-सात दिवसांत स्टेरॉइडला उत्तर मिळालं नाही किंवा धमनीत सूज असली तर एटीजी नावाचं जास्त ताकदीचं इंजेक्शन लागतं, आणि हल्ला अँटीबॉडीचा असला तर प्लाझ्मा बदलणं आणि आयव्हीआयजी, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी शिरेतून देणं. तो रस्ता वेगळा आणि लांबचा आहे.

१.४ वर थांबलं, १.२ झालं नाही. वडिलांनी विचारलं, उरलेलं ०.२ कुठे गेलं? ते व्रणात गेलं.

आणि इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. लोकांना वाटतं अक्यूट म्हणजे पहिल्या वर्षातलं आणि क्रॉनिक म्हणजे नंतरचं. तसं नाहीये. गोळ्या सोडल्या तर दहाव्या वर्षी पण अक्यूट येतं. फरक आतमध्ये काय चाललंय यात आहे. अक्यूटमध्ये सूज असते, पेशी नुकत्याच घुसलेल्या असतात, मूळ बांधणी शाबूत असते, म्हणून पेशी हुसकावल्या की काम परत येतं. क्रॉनिकमध्ये बांधणीच बदललेली असते, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि दुपदरी झालेल्या असतात, नळ्या सुकलेल्या आणि मधे व्रण. व्रणावर स्टेरॉइड चालत नाही. क्रिएटिनिनची चाल पण वेगळी असते. अक्यूटमध्ये दिवसा-आठवड्यांत उडी, क्रॉनिकमध्ये दर सहा महिन्यांनी ०.१, इतकं सावकाश की प्रत्येक वेळी "लॅबचा फरक असेल" म्हणून सोडून दिलं जातं, आणि बरोबर लघवीत प्रोटीन जायला लागतं.

त्याच मुलाचं पुढे हेच झालं. चार-पाच वर्षांनी १.४ चं १.५, १.६, मग १.८, असं दीड वर्षभर. नोकरीत शिफ्ट बदलायच्या, रात्रीचा डोस कधी ९ ला, कधी १२ ला, कधी झोपेत राहून जायचा, लेव्हलची ओळ ४, ८, ५, ३, ७. लघवीत दिवसाला एक ग्रॅमच्या वर प्रोटीन. डीएसए तपासलं तर पॉझिटिव्ह, डीक्यू प्रकारच्या अँटीबॉडी, उशिरा येणाऱ्यांमध्ये या बऱ्याचदा दिसतात. बायोप्सीत या वेळी i आणि t जवळजवळ शून्य, पण g1 ptc2 आणि cg2. म्हणजे अँटीबॉडी महिनोन्‌महिने रक्तवाहिनीची भिंत खरवडत होत्या, शरीर ती परत परत लिंपत होतं, आणि हे सगळं क्रिएटिनिन १.४ वर स्थिर दिसत असताना सुरू झालेलं होतं.

या वेळी माझ्याकडे तीन दिवसांचं इंजेक्शन नव्हतं. अशा क्रॉनिक अ‍ॅक्टिव्ह अँटीबॉडी रिजेक्शनला खात्रीचा इलाज अजून नाही. आयव्हीआयजी, रिटुक्सिमॅब लोक देतात, फायदा पक्का सिद्ध झालेला नाही, बोर्टेझोमिबची ट्रायल झाली तीही उपयोगी ठरली नाही. २०२४ मध्ये फेलझार्टामॅब नावाच्या औषधाची २२ पेशंटांवरची छोटी ट्रायल आली, औषध घेतलेल्या बहुतेकांच्या बायोप्सीत अँटीबॉडीच्या हल्ल्याची सूज गेली, औषध थांबवल्यावर काहींना परत आली. आशा वाटते पण २२ म्हणजे फार थोडे. मग आम्ही केलं काय, तर टॅक्रोलिमस ५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, दिवसातून एकदाच घ्यायची लांब चालणारी गोळी दिली म्हणजे शिफ्टची भानगड मिटते, स्टेरॉइड चालू ठेवलं, बीपी काटेकोर आणि प्रोटीनसाठी टेल्मिसार्टन. याने घसरण मंदावते, थांबतेच असं नाही. शेवटचं बघितलं तेव्हा तो २.१ वर होता, कामावर जात होता.

आणि या दोन चित्रांच्या मधलं पण असतं, एकाच तुकड्यात ताजी सूज आणि जुना व्रण दोन्ही, किंवा पेशी आणि अँटीबॉडी दोघांचा एकत्र हल्ला. तेव्हा जेवढी सूज आहे तेवढीच परत मिळवता येते आणि औषध किती जोरात मारायचं हे ठरवताना ci, ct, cg चे आकडे बघावे लागतात. सगळं व्रणच असेल तर जास्त स्टेरॉइडने फक्त इन्फेक्शन वाढतं.

तुमच्या भावाचं, लेव्हल ३.४ आणि काही आठवड्यांत उडी हे बघून माझा अंदाज अक्यूटकडे जातो, आणि तसं असेल तर ते बरं होणारं आहे. पण अंदाजावर ५०० मिलिग्रॅमची इंजेक्शनं मी तरी शक्यतो देत नाही. बायोप्सीला नेमकी जागा नाही, तीन-चार दिवस थांबा म्हणाले तर डॉक्टरांना विचारा की बीकेचा रिपोर्ट यायच्या आधी इंजेक्शन सुरू करायचं का, कधी कधी क्रिएटिनिन फार वेगाने चढत असेल तर करावं लागतं आणि तुकडा एक-दोन दिवसांत घेतात. त्यापेक्षा उशीर नको, स्टेरॉइडने सूज पुसली गेली की तुकड्यात काय होतं ते कळत नाही. आणि रक्त द्यायला जाताना सकाळची टॅक्रोलिमस खिशात ठेवायला सांगा, पोटात नको.